शब्दखेळांच्या जगात : लेखांक ६
मधलं अक्षर सुटता कामा नये

‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवार पुरवणीत २०१४ मध्ये एक नवं शब्दकोडं दाखल झालं. तिथल्या कोड्यांचे संपादक विल शॉर्ट्झ यांना लंडनच्या ‘टाइम्स’मधलं ‘पॉलिगॉन’ आवडलं होतं. त्यावरून त्यांनी ही कल्पना घेतली आणि पुरवणीसाठी कोडी रचायचं काम फ्रँक लोंगो यांच्याकडे दिलं. ९ मे २०१८ पासून ते पडद्यावर रोज येऊ लागलं, सॅम एझर्स्की यांच्या संपादनाखाली. नाव ‘स्पेलिंग बी’. शाळकरी मुलांना मंचावर उभं करून स्पेलिंग विचारतात त्या स्पर्धेचंच हे नाव. इंग्रजीत बी म्हणजे मधमाशीही, म्हणून या खेळात अक्षरं पोळ्यातल्या षटकोनांत बसवलेली असतात.

नियम दोन मिनिटांत कळतात. सात अक्षरं असतात, एक मध्ये आणि सहा भोवती. त्यांतून शब्द करायचे, प्रत्येक शब्द किमान चार अक्षरांचा हवा आणि प्रत्येकात मधलं अक्षर यायलाच हवं. एकच अक्षर कितीही वेळा वापरलं तरी चालतं. विशेषनामं आणि जोडरेघेचे शब्द चालत नाहीत. चार अक्षरी शब्दाला एक गुण मिळतो, त्याहून लांब शब्दाला जितकी अक्षरं तितके गुण. ज्या शब्दात सातही अक्षरं येतात त्याला पँग्रॅम म्हणतात. त्याला वर आणखी सात गुण. असा निदान एक शब्द निघाल्याशिवाय ती सात अक्षरं कोड्यासाठी निवडलीच जात नाहीत.

छापील कोड्याचा हिशेब वेगळा होता. तिथे शब्द पाच अक्षरांचा लागे, साध्या शब्दाला एक गुण आणि पँग्रॅमला तीन. आज जगभर जे खेळलं जातं ते मात्र चार अक्षरांचं, पडद्यावरचं.

या खेळाचा स्वभाव ठरतो तो दोनच नियमांनी. मधल्या अक्षराची सक्ती शब्दांची यादी छाटते आणि पुनरावृत्तीची सूट तीच यादी भलतीकडे वाढवते. ज्यांचा हात स्क्रॅबलवर बसलेला असतो ते पहिल्या नियमाला लवकर सरावतात, दुसऱ्याला नाही. स्क्रॅबलमध्ये सोंगटी पटावर गेली की हातातून गेली, त्यामुळे अक्षर एकदा वापरलं की संपलं, ही सवय डोक्यात घट्ट असते. इथे अक्षर संपत नाही. नवखा खेळाडू अडकतो तो बहुधा याच जागी.

नमुन्यादाखल किचन या शब्दाची सात अक्षरं घेऊ. के, आय, टी, सी, एच, ई, एन. सातही वेगवेगळी आहेत, म्हणजे पँग्रॅमची अट पहिल्याच शब्दात भागली. मध्ये सी ठेवू. पडद्यावर ते असं दिसेल, आणि टाइप केलेल्या काही शब्दांचे गुण असे होतील :

```
  K   I
H   C   T
  N   E

NICE         1
CHECK        5
HECTIC       6
CHICKEN      7
KITCHEN     14
THICKEN     14
KITCHENETTE 18
```

या छोट्या यादीतच बरीच गंमत आहे. किचन आणि थिकन हे एकमेकांची अक्षरं हलवून झालेले शब्द, दोन्ही पँग्रॅम. चिकन मात्र फसवतो. तोही सात अक्षरांचा, तीही अक्षरं पोळ्यातलीच. पण त्यात सी दोनदा येतो आणि टी येतच नाही. सात अक्षरी शब्द आणि सातही अक्षरांचा शब्द यांतला फरक तिथे कळतो. खेळाडू वरच्या सात गुणांची वाट बघतो आणि पडद्यावर साधे सातच उमटतात.

सगळ्यांत महाग शब्द शेवटचा आहे. घराच्या कोपऱ्यातल्या लहानशा स्वयंपाकघराला इंग्रजीत किचनेट म्हणतात. त्याच्या अकरा अक्षरांत ई तीनदा आणि टी तीनदा येतो. अकरा आणि सात मिळून अठरा गुण, म्हणजे चार अक्षरी अठरा शब्दांची कमाई एका फटक्यात. तरीही तो निसटतो, कारण किचन सापडलं की मन त्या शब्दावर फुली मारून पुढे सरकतं. सराईत खेळाडू उलट करतात. सापडलेला प्रत्येक शब्द ते शेपटीकडून पुन्हा चाचपतात : मागे काही जोडता येतं का, एखादं अक्षर दुप्पट करता येतं का. पोळ्यात आय, एन, जी असली की आयएनजी, ई आणि डी असली की ईडी, ही शेपटं आधी लावून पाहायची असतात. आपल्या नमुन्यात यांतलं एकही जुळत नाही. इथे चालतात ती आयसी, ईएन, ईटी आणि ते दुर्मीळ ईटीटीई. सुरुवातीला सीएच, शेवटी सीके किंवा टीसीएच, या जोड्या मनात धरून उरलेल्या स्वरांना फिरवलं की शब्द बऱ्यापैकी पटापट पडतात.

आता याच पोळ्यात मधून सी काढून एन बसवू. अक्षरं तीच, पण चेक, हेक्टिक, टिकेट एका क्षणात बाद. त्यांच्या जागी थिंक, नी, किटन आत येतात आणि त्यांच्याबरोबर एक मोठा मासा : नाइन्टीन्थ, म्हणजे एकोणिसावा. त्याचं स्पेलिंग दहा अक्षरांचं, पण वेगवेगळी अक्षरं पाचच, एन, आय, ई, टी, एच. मध्ये सी असताना तो शब्द डोळ्यांसमोर असूनही निरुपयोगी होता. तिन्ही पँग्रॅमना मात्र या बदलाची झळ लागत नाही, कारण सातही अक्षरं ज्याच्या पोटात आहेत त्याला मध्ये कोण बसलंय याची फिकीर नसते. एका संचातून अशी सात कोडी निघतात, आणि ती सारखी अवघड नसतात.

मग सर्वांत श्रीमंत पोळं कुठलं? ‘फाइव्हथर्टीएट’ या अमेरिकी संकेतस्थळावरच्या ‘रिडलर’ सदराने जानेवारी २०२० मध्ये हाच प्रश्न वाचकांपुढे टाकला. शब्दांसाठी एनेबल ही १,७२,८२० शब्दांची खुली यादी ठरवून दिली आणि एस हे अक्षर वर्ज्य ठेवलं. खुद्द ‘टाइम्स’ही एस टाळतं; तो दिला तर प्रत्येक नामाचं अनेकवचन फुकटात पदरात पडेल.

एस वगळता पंचवीस अक्षरांतून सात निवडायचे ४,८०,७०० प्रकार होतात, आणि प्रत्येकात मधलं अक्षर सात तऱ्हांनी ठरतं. म्हणजे तेहतीस लाखांहून अधिक पोळी. संगणकतज्ज्ञ पीटर नॉर्विग यांनी हे कोडं सोडवताना आपली रीत सविस्तर लिहून ठेवली आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. पोळ्यात पँग्रॅम हवाच, तर सुरुवात पँग्रॅमपासूनच का करू नये? यादीतले ज्यांत बरोबर सात वेगवेगळी अक्षरं आहेत असे शब्द वेचले, तर त्यांतून अक्षरांचे फक्त ७,९८६ संच निघतात. सातने गुणलं की ५५,९०२ पोळी. तेहतीस लाखांचं काम इतकं आटोपलं.

पुढची युक्ती पुनरावृत्तीच्या नियमातूनच निघते. अक्षर कितीदा आलं याला महत्त्व नसेल, तर संगणकाला शब्द जपून ठेवायची गरज नाही, त्यातल्या अक्षरांचा संच पुरतो. किचन, थिकन आणि किचनेट हे त्याच्या लेखी एकच. त्या संचाचे गुण एकदा बेरीज करून ठेवले की तपासायच्या गोष्टी दोनच उरतात : संच पोळ्याच्या सात अक्षरांत मावतो का, आणि त्यात मधलं अक्षर आहे का. माणसाला जो नियम गोंधळात टाकतो, त्यानेच यंत्राचं काम हलकं केलं.

उत्तर आलं ते असं : मध्ये आर, भोवती ए, ई, जी, आय, एन, टी. एकूण ५३७ शब्द, त्यांतले ५० पँग्रॅम, गुण ३,८९८. टँजरीन, ग्रॅनाइट, जनरेटिंग, एंटरटेनिंग हे सगळे त्यात बसतात. पण वर्तमानपत्रात असं पोळं छापलं तर खेळाडू दुपारपर्यंत वैतागतील. रोजच्या कोड्यात बहुधा तीस ते साठच्या आसपास शब्द असतात.

त्या रोजच्या यादीवरूनच सगळी भांडणं होतात. एनेबलमध्ये गार्निएराइटसारखं खनिजाचं नावही आहे. ‘टाइम्स’ची यादी मात्र संपादक हाताने चाळतो आणि सामान्य वाचकाला अनोळखी वाटेल ते काढून टाकतो. सामान्य कोण, हे ठरवायचं कुणी? वनस्पतिशास्त्रज्ञाला रोजचा वाटणारा शब्द नाकारला जातो आणि स्वयंपाकघरातला परदेशी शब्द आत येतो. शब्दकोश समोर धरून संपादकाशी वाद घालणाऱ्यांची बाजू पुष्कळदा खरी असते, तरीही कोडं संपादकाने चाळलेलंच बरं. सगळा शब्दकोश आत घेतला तर शेवटचा शब्द शोधणं ही निव्वळ आंधळी कोशिंबीर होईल. एकूण गुणांच्या ७० टक्के झाले की ‘जीनियस’ पदवी मिळते आणि शहाणी माणसं तिथे थांबतात. सगळेच्या सगळे शब्द काढणाऱ्याला ‘क्वीन बी’ म्हणतात.

मराठीत हे जमेल का? जमेल, पण आधी दोन निवाडे करावे लागतील. पहिला मात्रांचा. काना, वेलांटी, उकार मोकळे सोडून फक्त व्यंजनं मोजली आणि जोडाक्षरं फोडली, तर मध्ये र आणि भोवती क, म, ण, त, ल, य एवढ्यात करमणूक, कलाकार, रमणीय, तरतरीत असे शब्द सहज निघतात. दुसरा निवाडा जास्त अवघड, विभक्तीचा. ‘करमणुकीतल्या’ हा शब्द चालवला तर त्यात सातही व्यंजनं येतात आणि पँग्रॅम हाती लागतो. पण तो चालवला की ‘कलाकाराला’ही आला, ‘कलाकारातला’ही आला, आणि इंग्रजीत एसला ज्यासाठी हाकललं तोच फुकटा पाहुणा इथे प्रत्ययांच्या रूपाने प्रत्येक नामामागे उभा राहिला. मराठी पोळं करणाऱ्याने प्रत्यय बंद ठेवावेत आणि पँग्रॅमची अट सैल करावी, हे त्यातल्या त्यात बरं.

या आठवड्याचं पोळं इंग्रजीतच : मध्ये एम, भोवती सी, ओ, पी, ए, एन, वाय. यात दोन सोपे पँग्रॅम आहेत. एक वर्तमानपत्राच्या शेअर बाजाराच्या पानावर रोज दिसतो, दुसऱ्याच्या पोटात तो अख्खाच्या अख्खा बसला आहे आणि त्याला सोळा गुण आहेत. दोन्ही काढा, मग पुनरावृत्तीचे चार-सहा अक्षरी शब्द वेचा. यादी पुढच्या लेखांकात ताडून पाहता येईल.