बंद पडलेला ई-मेल आणि एक पानी अर्ज

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना आजारपणामुळे वर्षभर घरी राहिलेली एक विद्यार्थिनी समजा. जुलैत तिने पुन्हा प्रवेश घेतला, फी भरली, वर्गात जाऊन बसली आणि तिथे कळलं की कॉलेजचा ई-मेल उघडत नाही. असाइनमेंट गूगल क्लासरूमवर, परीक्षेच्या सूचना मेलवर. म्हणजे नाव पटावर आलं तरी निम्मं कॉलेज बंदच.

यात आयटी विभागाचा आकस नसतो. गूगल शिक्षणसंस्थांना पूर्वी अमर्याद जागा देत असे. आता साधारण 100 टीबी जागा सगळ्या खात्यांनी मिळून वापरायची असते. त्यामुळे चालू वर्षाच्या यादीत ज्यांची नावं नाहीत, त्यांची खाती अनेक ठिकाणी बंद केली जातात.

पण बंद होण्याचे प्रकार दोन, आणि सगळं घोडं इथेच अडतं. खातं नुसतं निलंबित असेल तर जुने मेल, फाइली जागच्या जागी असतात. अ‍ॅडमिनने ते पुन्हा चालू केलं की काम झालं. खातं काढून टाकलेलं असेल, तर गूगलमध्ये ते 20 दिवसांच्या आत परत आणता येतं. मायक्रोसॉफ्टची सेवा असेल तर ही मुदत 30 दिवसांची. त्यानंतर त्याच पत्त्याचं नवं खातं मिळेल, पण रिकामं.

आपलं खातं कोणत्या प्रकारात आहे हे घरबसल्या कळू शकतं. आपल्या खासगी मेलवरून स्वतःच्याच कॉलेजच्या पत्त्यावर एक ओळ पाठवायची. थोड्या वेळात तो मेल परत येतो आणि सोबत एक क्रमांक असतो. गूगलच्या खात्यात `550 5.2.1` असेल तर खातं आहे, पण बंद आहे. `550 5.1.1` असेल तर त्या नावाचं खातंच आता नाही. हा क्रमांक अर्जात लिहिला की आयटीवाल्यांचा निम्मा शोध वाचतो.

अर्ज साधारण असा असावा:

प्रति,
सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, आयटी विभाग
(विभागप्रमुखांमार्फत)

विषय : कॉलेजचे ई-मेल खाते पुन्हा सुरू करण्याबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती की, मी तृतीय वर्ष संगणक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी असून वैद्यकीय कारणास्तव एक वर्ष मंजूर रजेवर होते. चालू वर्षी माझा पुनर्प्रवेश झाला आहे. माझे कॉलेजचे ई-मेल खाते सध्या बंद असून त्यावर पाठवलेला मेल 550 5.2.1 या संदेशासह परत येतो. कृपया ते सुरू करून चालू तुकडीच्या ग्रुपमध्ये समाविष्ट करावे. खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक आता बदलला आहे. खात्याचा पत्ता, पीआरएन, नवा मोबाइल क्रमांक व खासगी ई-मेल खाली देत आहे. सोबत पुनर्प्रवेशाचे पत्र, फीची पावती व ओळखपत्राची प्रत जोडली आहे.
आपली विश्वासू

यात आजाराचं नाव नाही, आणि ते नकोच. आयटी विभागाला दोनच गोष्टींची खात्री हवी असते: अर्ज करणारी तीच मुलगी आहे आणि ती आज पटावर आहे. अनोळखी जीमेलवरून आलेल्या “माझं खातं चालू करा” या मेलवर ते हलत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कुणीही कुणाचंही खातं असं मागून घेईल. म्हणून विभागप्रमुखांची सही. रोल नंबर तुकडीबरोबर बदलतो, पीआरएन तोच राहतो, म्हणून पीआरएन. मोबाइलची ओळ विसरली तर गंमत होते: खातं चालू होतं, नवा पासवर्ड मिळतो, आणि पडताळणीचा कोड बंद पडलेल्या सिमवर जातो. तो अडथळा अ‍ॅडमिनच काढू शकतो. जुना पासवर्ड मात्र अर्जात कधीही लिहू नये. त्याची गरजच नसते.

अर्जाची एक प्रत आवक क्रमांक टाकून स्वतःकडे ठेवावी. खातं उघडल्यावर क्लासरूम दिसत नसेल तर ते अजून रजेवरच्यांच्या गटात अडकलेलं असू शकतं. तसं सांगून योग्य गटात हलवून घ्यावं. निलंबनाच्या काळात आलेले मेल मात्र मिळत नाहीत. ते तेव्हाच पाठवणाऱ्याकडे परत गेलेले असतात, त्यामुळे त्या काळातल्या सूचना वर्गमित्रांकडून किंवा कार्यालयातूनच घ्याव्या लागतात.

जे आता रजेवर जाणार आहेत त्यांनी रजेच्या अर्जातच एक वाक्य घालावं: “या काळात माझे ई-मेल खाते निलंबित ठेवावे, काढून टाकू नये.” आणि निघण्यापूर्वी प्रोजेक्टच्या फाइली स्वतःच्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात.