छापलेली वेळ आणि प्रत्यक्ष प्रसारण

दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमपत्रिकेत एखाद्या वेळेसमोर एखादे नाव छापलेले असते, तेव्हा त्यातून एवढेच कळते की पत्रिका छापायला गेली त्या क्षणी त्या वेळी तो कार्यक्रम दाखवायचे ठरले होते. दैनिकातली यादी आदल्या संध्याकाळी पक्की होते, साप्ताहिकातली त्याहून कित्येक दिवस आधी. छपाईनंतर झालेला बदल त्या कागदावर कधीच उमटत नाही. जुना भाग नेमका कधी दाखवला हे शोधणाऱ्याने पत्रिकेकडे आधी ठरलेला बेत म्हणून पाहावे आणि प्रत्यक्ष काय घडले याचा पुरावा वेगळा मिळवावा.

याचे सर्वपरिचित उदाहरण ब्रिटनमधले आहे. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचा पहिला भाग बीबीसीवर 23 नोव्हेंबर 1963 रोजी सायंकाळी सव्वापाचला लागायचा होता. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. भाग सव्वाएक मिनिटाहून थोडा अधिक उशिरा सुरू झाला, आणि 30 नोव्हेंबरला दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवण्यात आला. हे पुनःप्रसारण ऐनवेळी ठरले, त्यामुळे आधीच छापलेल्या साप्ताहिक यादीवर विसंबणाऱ्याला त्याचा पत्ताच लागत नाही. प्रत्यक्षात काय गेले याची नोंद बीबीसी वेगळ्या कागदपत्रांत ठेवत असे, आणि मतभेद झाल्यास ती नोंद यादीपेक्षा वरचढ ठरते.

मराठी वाचकाच्या ओळखीचे उदाहरण रामानंद सागर यांच्या ‘रामायण’चे. दूरदर्शनवर ही मालिका 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988 या काळात रविवारी सकाळी साडेनऊला दाखवली गेली. पुढे टाळेबंदीच्या काळात, 28 मार्च 2020 पासून, ती दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर रोज सकाळी नऊला आणि रात्री नऊला पुन्हा सुरू झाली. आता समजा, एखाद्या घरात यादीचे एक कात्रण मिळाले. त्यावर ‘रविवार, 29 मार्च’ एवढेच दिसते, वर्षाचा भाग फाटला आहे, आणि यादीत ‘रामायण’ आहे. वारावरून वर्ष ठरवण्याची नेहमीची युक्ती इथे फसते, कारण 29 मार्च 1987 आणि 29 मार्च 2020 या दोन्ही तारखांना रविवारच होता. किंबहुना मार्चपासून पुढे या दोन वर्षांतल्या सर्व तारखांचे वार जुळतात.

अशा वेळी वेळ उपयोगी पडते. नावासमोर 9.30 असेल तर कात्रण 1987 कडे झुकते, सकाळचे 9.00 असेल आणि रात्रीही तेच नाव असेल तर 2020 कडे. त्याहून भरवशाची गोष्ट म्हणजे शेजारची नावे. एकाच स्तंभात डझनावारी खासगी वाहिन्या असतील तर ती यादी 1987 ची असू शकत नाही, कारण तेव्हा भारतात दूरदर्शनखेरीज दुसरी प्रसारणसंस्था नव्हती. आधी स्तंभ पूर्ण वाचावा, मग आपल्याला हवी ती ओळ वाचावी. ओळ एकटी वाचली की चूक होते.

2020 च्या प्रसारणात आणखी एक चकवा आहे. एकाच दिवशी सकाळी आणि रात्री एकच नाव दिसले की रात्रीचे प्रसारण सकाळचीच पुनरावृत्ती असणार, असे सहज वाटते. खासगी मराठी वाहिन्यांवर रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात, त्यामुळे डोळ्यांना तशी सवय झालेली असते. ‘रामायण’च्या बाबतीत मात्र रात्री कथा पुढे सरकत होती. शिवाय ही घोषणा 27 मार्चला झाली आणि दुसऱ्याच दिवशी मालिका सुरू झाली, म्हणजे त्याआधी तयार झालेल्या कोणत्याही यादीत त्या वेळेला वेगळाच कार्यक्रम दिसणार.

भागाचा क्रमांक ठाऊक असला की तारीख मोजून काढण्याचा मोह होतो. समजा, ‘रामायण’चा 30 वा भाग कधी लागला हे हवे आहे. 25 जानेवारी 1987 हा पहिला रविवार धरून पुढे एकोणतीस आठवडे मोजले की 16 ऑगस्ट 1987 ही तारीख येते. गणित बरोबर आहे, पण त्याची परीक्षा दुसऱ्या टोकाकडून करायला हवी. मालिकेचे भाग 78 मानले जातात, आणि 25 जानेवारी 1987 पासून 31 जुलै 1988 पर्यंत, दोन्ही दिवस धरून, रविवार येतात 80. दर रविवारी जास्तीत जास्त एकच नवा भाग धरला तर दोन रविवार नव्या भागाविना गेले असले पाहिजेत. ते दोन्ही रविवार ऑगस्टनंतरचे असतील तर 16 ऑगस्ट टिकते. एक आधीचा असेल तर 23, दोन्ही आधीचे असतील तर 30 ऑगस्ट. म्हणजे मोजणीने एक तारीख मिळाली नाही, तीन मिळाल्या. त्यांतली खरी ठरवायला आधीच्या प्रत्येक रविवारची यादी काढून पाहावी लागते, आणि कोणत्या रविवारी मालिकेऐवजी दुसरे काही दाखवले ते शोधावे लागते. एखाद्या रविवारी जुना भाग पुन्हा दाखवला असेल, तर यादीत नाव ‘रामायण’च राहते आणि खाडा दिसतच नाही. तिथे कथासारांश किंवा दुसऱ्या दिवशीच्या अंकातला उल्लेख यांचाच आधार उरतो.

नावाच्या सारखेपणाचाही धोका असतो. 2008 मध्ये एनडीटीव्ही इमॅजिन या वाहिनीवर ‘रामायण’ नावाची दुसरी मालिका सुरू झाली. यादीत फक्त नाव असेल तर वाहिनी आणि साल पाहिल्याशिवाय ती कोणती मालिका हे सांगता येत नाही.

सेटटॉप बॉक्सच्या पडद्यावर दिसणाऱ्या यादीत हे घोटाळे कमी होतील असे वाटते, पण तिथे वेगळेच घडते. भागाचा क्रमांक गाळून मालिकेची एकच ठरावीक ओळख दररोज दिसत राहते, त्यामुळे नवा भाग आणि पुनःप्रसारण एकसारखे भासतात. ‘पुनःप्रसारण’ असे लिहिलेले असेल तर त्याला वजन आहे; लिहिलेले नसेल तर भाग नवा आहे असे मात्र सिद्ध होत नाही. मध्यरात्रीनंतरचे कार्यक्रमही जपून वाचावेत. अनेक याद्यांत शनिवारचा स्तंभ पहाटेपर्यंत चालतो, म्हणून त्यातले ‘12.30’ हे दिनदर्शिकेप्रमाणे रविवारचे असते. रात्री उशिराच्या वेळा बहुधा पुनःप्रसारणानेच भरलेल्या असल्याने ही एका दिवसाची चूक तिथेच जास्त होते.

पक्क्या पुराव्याची मुदतही छोटी असते. भारतातल्या खासगी वाहिन्यांना प्रसारित कार्यक्रमांचे मुद्रण 90 दिवस जपून ठेवण्याचे बंधन आहे. त्यानंतर ते मिळेलच असे नाही. जुन्या काळासाठी प्रेक्षकांनी घरी केलेली चित्रफीत कामाची ठरते, विशेषतः तिच्यात मालिकेआधीची निवेदिका किंवा मागोमाग आलेल्या बातम्या असतील तर, कारण बातम्यांवरून दिवस ठरतो. असे काहीच हाती नसेल, तर नोंद करताना ‘त्या दिवसाच्या यादीनुसार’ असे लिहावे, यादीचे नाव, गाव आणि तारीख द्यावी, आणि ‘प्रसारित झाला’ हे शब्द यादीबाहेरचा निदान एक पुरावा मिळेपर्यंत राखून ठेवावेत.