रसाचा पेला आणि रक्तदाबाची गोळी

हैदराबाद शहरात हिमायतनगर भागात आमच्या परिचयाचे एक मराठी औषधविक्रेते राहतात. त्यांच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका आहेत. बाईंना अलीकडे कमी ऐकू येते. त्यामुळे जे तोंडी सांगावयाचे ते त्या गृहस्थांनी कागदावर लिहून दिले. उभयतांच्या अनुमतीने ते पत्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण पुष्कळ घरांत वडीलधारी माणसे रक्तदाबाची गोळी घेत असतात.

हकीकत अशी. बाई गेली चार वर्षे फेलोडिपीन नावाची ५ मिलिग्रॅमची गोळी रोज सकाळी घेत. परदेशाहून आलेल्या लेकीने ग्रेपफ्रूटच्या रसाच्या बाटल्या आणल्या व बाई न्याहारीबरोबर रोज एक पेला घेऊ लागल्या. आठवड्याभरात घोटे सुजले, चेहऱ्यावर ऊन लागल्यासारखी लाली येऊ लागली, आणि एके सकाळी खाटेवरून उठताच घेरी येऊन त्या भिंतीला टेकल्या. एरवी १३० वर ८० असणारा दाब त्या दिवशी ९८ वर ६० भरला. गोळी तीच, वेळही तीच. पत्र पुढीलप्रमाणे :

"ती. काकूंना सा. न. वि. वि.

आपली गोळी पोटात गेली म्हणजे सगळीच रक्तात पोहोचत नाही. आतड्याच्या भिंतीत, आणि पुढे यकृतात, औषधाचे विघटन करणारे एक विकर असते. त्याला जकातनाक्यावरचा कारकून समजा. फेलोडिपीनचे शंभर भाग आले तर तो पंच्याऐंशीच्या आसपास अडवितो. सुमारे पंधरा पुढे जातात. गोळी ५ मिलिग्रॅमची ठरविली जाते ती ही जकात गृहीत धरूनच.

ग्रेपफ्रूटच्या रसातील काही द्रव्ये आतड्यातील या कारकुनाला कायमचा निकामी करतात. मग नाका उघडा पडतो व पंधराच्या जागी सरासरी चाळीसएक भाग रक्तात शिरतात. म्हणजे आपण गोळी एक घेतली, परंतु शरीराला अडीच-तीन गोळ्या पोहोचल्या. घेरी, सूज, लाली ही त्या जादा औषधाची लक्षणे.

आपण विचारलेत, रस सकाळी आणि गोळी रात्री घेतली तर? उपयोग नाही. निकामी झालेला कारकून पुन्हा उठत नाही. शरीराला नवा नेमावा लागतो, व त्यास दोन-तीन दिवस लागतात. एका पेल्याचा परिणाम दुसऱ्या दिवशीही उरतो.

आपला दुसरा प्रश्न मोठा व्यवहारी होता : रस घ्यावा आणि गोळी अर्धी करावी, पैसेही वाचतील! काकू, हे करू नये. कोणाच्या आतड्यात हे विकर थोडे असते, कोणाच्या पुष्कळ. शिवाय प्रत्येक फळाचा रस सारख्या जोराचा नसतो. आज अर्धी गोळी दोन गोळ्यांचे काम करील, उद्या रस चुकला की दाब चढेल. रस बंद करावा. गोळीचे काय ते डॉक्टरांना विचारूनच करावे."

या प्रश्नावर आम्हांस हसू आले खरे, परंतु बाईंचा हिशेब चुकीचा नव्हता. हिशेबाचे माप तेवढे बदलते होते.

ही गोष्ट उघडकीस आली तीही योगायोगाने. कॅनडातील लंडन शहरी डेव्हिड बेली नावाचे संशोधक फेलोडिपीन आणि मद्य यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो ते पाहत होते. मद्याची चव लपविण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तातील औषध अपेक्षेहून कितीतरी जास्त निघाले, आणि मद्य न घेतलेल्यांच्याही रक्तात तसेच! बेलींनी स्वतः रस पिऊन पडताळा घेतला. १९८९ साली हे प्रथम प्रसिद्ध झाले, आणि १९९१ साली खास रसाचीच परीक्षा घेऊन पक्के झाले.

ग्रेपफ्रूट आपल्या बाजारात क्वचितच दिसते. नावात द्राक्ष असले तरी द्राक्षाशी त्याचे नाते नाही. ते पपनस आणि संत्र्याच्या जातीचे गोड फळ यांच्या संकरातून झालेले. म्हणूनच पत्रातला पुढील मजकूर आमच्या वाचकांच्या अधिक कामाचा आहे :

"आपल्याकडचे पपनस, ज्याला येथे तेलुगूत पंपर पनस म्हणतात, त्यातही तीच द्रव्ये असतात, तेव्हा फेलोडिपीन चालू असेतो तेही टाळावे. मोसंबी आणि नेहमीचे संत्रे यांची भीती नाही. खालच्या मजल्यावरील काका घेतात ती गोळी अ‍ॅम्लोडिपीनची आहे. तिचे शंभरातले साठ ते ऐंशी भाग मुळातच रक्तात पोहोचतात, म्हणून रसाने तिच्यात फारसा फरक पडत नाही. निफेडिपीन घेणाऱ्यांनी मात्र हा रस टाळावा. तेव्हा 'रक्तदाबाची गोळी' एवढेच सांगू नये. वेष्टनावरचे नाव दाखवावे.

ता. क. : उरलेल्या दोन बाटल्या लेकीला पिऊ द्याव्यात. ती कोणतेही औषध घेत नाही, हे मी तिला विचारून घेतले आहे."

डॉक्टरांच्या सल्ल्याने बाईंनी रस सोडला. पाचव्या दिवशी दाब १२८ वर ८० भरला, आणि घोट्यांची सूज त्यानंतर काही दिवसांनी उतरली.