‘टायपिंग...’ थांबलं म्हणजे बोलणं संपलं?

वरती ‘टायपिंग...’ दिसतं तेव्हा समोरचा काय लिहितोय ते ॲपला सांगायचं नसतं. त्याची बोटं कीबोर्डवर हलली, एवढाच इशारा असतो. टेलिग्रामच्या बॉटसाठीच्या नियमांत हा इशारा जास्तीत जास्त 5 सेकंद टिकतो. लिहिणं चालू असेल तर तो पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो, आणि मेसेज पोचला की लगेच पुसला जातो. म्हणून मेसेज आल्या क्षणी अक्षरं गायब झाली तर त्यावरून काहीच कळत नाही. त्यानंतर ती पुन्हा उमटतात का, ते बघायचं.

समजा काकूंचा मेसेज आला, ‘उद्या येऊ नका’, वेळ 9:14. टायपिंग दिसेना. तुम्ही ‘बरं’ लिहून मोकळे, आणि 9:15 ला उरलेलं वाक्य येतं: ‘दहाच्या आधी’. मधल्या वेळात काकू फक्त घड्याळ बघत होत्या. विचार करणारा माणूस टायपिंगमध्ये दिसत नाही. दुसरीकडून कॉपी करून चिकटवणाराही जेमतेम दिसतो. उलट लिहिलेलं खोडणारा मात्र दिसू शकतो, आणि शेवटी येत काहीच नाही!

वेळेवरही फार विसंबू नका. चॅटमध्ये मिनिटच दिसतं, त्यामुळे 9:14 आणि 9:15 मध्ये एका सेकंदाचं अंतर असेल किंवा जवळजवळ दोन मिनिटांचं.

माझ्या मते खरा पुरावा वाक्यातच असतो. कारण किंवा वेळ न देता कुणी ‘नका’ म्हटलं, तर उत्तर देण्याआधी मिनिटभर थांबा.