टेबलापासून दिव्यापर्यंत

जेवणाच्या खोलीच्या थ्रीडी चित्रात, म्हणजे इंटिरिअरवाल्यांच्या बोलीतल्या ‘रेंडर’मध्ये, मुख्य गोष्टी तीनच असतात: टेबल, भोवतीच्या खुर्च्या आणि टेबलावर लोंबणारा दिवा, ज्याला दुकानात ‘पेंडंट’ किंवा ‘हँगिंग लाइट’ म्हणतात. टेबल आणि खुर्च्या फरशीवर टेकलेल्या असतात, त्यामुळे त्यांची जागा सहसा चुकत नाही. दिवा मात्र हवेत असतो. कॉम्प्युटरवर तो हवा तिथे टांगता येतो, वायर कितीही ताणता येते आणि सॉफ्टवेअर हूं की चूं करीत नाही. चित्र पाहणाऱ्याला काहीतरी खटकते, पण नेमके काय ते सांगता येत नाही. बहुतेक वेळा ते दिव्याचे माप असते.

या मापाची सुरुवात खुर्चीपासून होते. जेवणाच्या खुर्चीची बैठक फरशीपासून साधारण 450 मिलिमीटर, म्हणजे दीड फूट उंच असते आणि टेबल 750 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. या दोहोंतले एक फुटाचे अंतर मांड्यांसाठी आणि हाताच्या कोपरांसाठी लागते. अशा खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे फरशीपासून साधारण 1200 मिलिमीटरवर येतात. दिव्याची उंची ठरते ती या डोळ्यांवरून. दिवा समोरच्या माणसाच्या चेहऱ्याआड येता कामा नये आणि त्यातला बल्बही डोळ्यांत घुसता कामा नये. नेहमीच्या उंचीच्या खोलीत टेबलाच्या पृष्ठभागापासून दिव्याच्या खालच्या कडेपर्यंत 750 ते 900 मिलिमीटर अंतर ठेवण्याचा जो प्रघात आहे, तो या दोन अटींतूनच आला आहे.

एक खोली घेऊन हे तपासता येते. छत 2700 मिलिमीटरवर आहे. टेबल सहा जणांचे, 1800 बाय 900, त्यामुळे लांब बाजूला बसणाऱ्या प्रत्येकाला 600 मिलिमीटर जागा मिळते. दिव्याची शेड घंटेच्या आकाराची, 400 मिलिमीटर व्यासाची आणि 300 उंचीची आहे. बल्ब तिच्या कडेपासून 250 मिलिमीटर आत बसवला आहे. कड टेबलापासून 800 मिलिमीटरवर ठेवली, तर ती फरशीपासून 1550 वर येते. वर 300 ची शेड, म्हणजे छतापर्यंत वायर उरते 850 मिलिमीटर.

आता प्रकाशाचा शंकू पाहावा. बल्बपासून निघून शेडच्या कडेला घासून जाणारे किरण खाली पसरत जातात आणि टेबलावर पोहोचेपर्यंत त्यांचे सुमारे 1680 मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ होते. 1800 लांबीचे टेबल त्यात जवळजवळ पूर्ण उजळते, फक्त दोन टोके किंचित मवाळ राहतात. हाच शंकू डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे 1200 वर, मधोमध फक्त 480 मिलिमीटर त्रिज्येचा असतो. टेबलाच्या लांब बाजूला बसलेल्या माणसाचे डोळे दिव्याच्या मध्यापासून आडव्या अंतराने साधारण 550 मिलिमीटरवर असतात, म्हणजे शंकूच्या जरासे बाहेर. त्याला उजळलेले ताट दिसते, बल्ब दिसत नाही.

तोच दिवा अर्धा मीटर वर उचलला, म्हणजे टेबलापासून 1300 मिलिमीटरवर नेला, की डोळ्यांच्या पातळीवरचा शंकू 880 मिलिमीटर त्रिज्येचा होतो आणि लांब बाजूंच्या मधोमध समोरासमोर बसलेले दोघेही त्याच्या आत सापडतात. आता बल्ब सरळ डोळ्यांवर येतो, टेबलावरचा प्रकाश विरळ होतो आणि फरशीवर सांडतो. उलट दिवा 400 मिलिमीटरपर्यंत खाली आणला, तर त्याची कड 1150 वर येते आणि शेड समोरच्या माणसाचे तोंड झाकते. योग्य उंचीच्या दोन्ही बाजूंना फार सैल जागा नाही, हे या तीन स्थितींवरून दिसते.

हे अंतर सगळ्या दिव्यांना एकच नसते. डॅनिश डिझायनर पॉल हेनिंगसेन यांनी 1958 मध्ये लुई पोल्सन कंपनीसाठी केलेला ‘पीएच 5’ हा दिवा टेबलापासून 600 मिलिमीटरवर टांगण्याची शिफारस केली जाते. त्याचा व्यास 500 मिलिमीटर आहे. नावातला पाचाचा आकडा तिथूनच आला. एकाखाली एक बसवलेल्या त्याच्या पडद्यांमुळे बल्ब कुठूनही थेट दिसत नाही, म्हणून तो इतका खाली आणता येतो. काचेच्या उघड्या गोळ्यात दिसणारा बल्ब मात्र या शिफारशीच्या आधारे खाली ओढू नये. छत उंच असेल तर दिवाही थोडा वर घेतात. साधारण हिशेब असा की आठ फुटांच्या वर छताच्या प्रत्येक फुटामागे तीन इंच.

ही मापे ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवताना पहिली खबरदारी एककांची. `Scene Properties` मध्ये `Units` मेट्रिक ठेवून सगळ्या वस्तू खऱ्या मापाने काढाव्या लागतात. इंटरनेटवरून आणलेले खुर्चीचे किंवा दिव्याचे मॉडेल बऱ्याचदा इंचात किंवा सेंटिमीटरमध्ये बनवलेले असते आणि खोलीत येताना आकार बदलून येते. खुर्चीची बैठक 450 आहे का, हे आधी मोजावे. ती 520 निघाली तर दिव्याचे गणित बरोबर असूनही खोली बिघडलेली दिसेल, कारण चित्रात माणूस नसतो आणि पाहणारा खुर्चीनेच खोली मोजतो.

दुसरी खबरदारी प्रकाशाची. शेडच्या आत, बल्बच्या जागी, `Point` दिवा ठेवतात. त्याची `Radius` खऱ्या बल्बइतकी, म्हणजे 0.03 मीटर असावी. ती मोठी ठेवली की प्रकाशाचा गोळा शेडच्या पत्र्यात शिरतो, सावल्या विरघळतात आणि टेबलावरच्या वर्तुळाची कड नाहीशी होते. `Power` च्या आकड्यावर बरेच जण फसतात. ब्लेंडरमधला वॅट हा विजेच्या बिलातला वॅट नव्हे, तो बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा आहे. 800 ल्युमेनच्या एलईडी बल्बसाठी तिथे सुमारे 2 वॅट पुरतात. एवढ्याने चित्र काळोखे वाटले तर दिव्याची ताकद शंभरपट वाढवण्याऐवजी `Color Management` मधले `Exposure` वाढवावे, जसा छायाचित्रकार संध्याकाळी कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवतो. दिवाच वाढवला तर खिडकीतून येणाऱ्या प्रकाशाशी त्याचे प्रमाण तुटते आणि टेबलावर पांढरा डाग पडतो.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याची, आणि सगळ्यात जास्त चित्रे तिथेच हरतात. कॅमेरा आडवा, जमिनीला समांतर धरला असेल, तर त्याच्या उंचीवरची प्रत्येक गोष्ट चित्रात एकाच आडव्या रेषेवर येते, तीच क्षितिजरेषा. उभ्या माणसाच्या सवयीने कॅमेरा 1500 मिलिमीटरवर ठेवला, तर 1550 वरची दिव्याची कड जवळजवळ त्या रेषेवरच पडते. शेडचे खालचे गोल तोंड चपटे होऊन रेघ बनते आणि दिवा कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपाशी, 1200 वर आणला, की तेच तोंड अरुंद लंबवर्तुळासारखे उघडते, शेडच्या आतली उजळलेली बाजू थोडी दिसते आणि दिवा टेबलाच्या वर आहे हे लगेच कळते. आतली बाजू दिसली तर दिवा कॅमेऱ्याच्या वर, माथा दिसला तर खाली. एवढ्या खुणेवरूनही कुठल्याही चित्रातल्या दिव्याच्या उंचीचा अंदाज बांधता येतो.

तयार चित्रातूनही हे माप काढता येते. त्यासाठी टेबलाचा जवळचा पाय घेऊन चालत नाही. तो कॅमेऱ्याच्या पुढ्यात असल्याने मोठा दिसतो. मोजपट्टी दिव्याइतक्याच लांब असलेली हवी. टेबलाच्या पृष्ठभागाचे समोरासमोरचे कोपरे दोन तिरक्या रेषांनी जोडावेत. त्या जिथे छेदतात तो टेबलाचा खरा मध्य. चार पाय फरशीला टेकतात ते बिंदूही तसेच जोडावेत. तिथला छेद म्हणजे त्या मध्याच्या थेट खालची फरशी. टेबलाच्या चित्रातल्या उभ्या रेषा सरळ असतील, तर हे दोन छेदबिंदू, दिव्याच्या कडेचा मध्य आणि वरची वायर एकाच उभ्या रेषेत आली पाहिजेत. आली नाहीत, तर दिवा टेबलाच्या मध्यावर नाही.

समजा, खालच्या छेदापासून वरच्या छेदापर्यंत 150 पिक्सेल भरले आणि तिथून दिव्याच्या कडेच्या मध्यापर्यंत 160. पहिले अंतर 750 मिलिमीटरचे आहे, म्हणून दुसरे 800 चे झाले. दिवा बरोबर आहे. दुसरे अंतर 230 पिक्सेल भरले असते, तर दिवा टेबलापासून 1150 वर, म्हणजे जवळजवळ पावणेचार फुटांवर आहे असे निघाले असते. फार खोलात न जाताही एक गोष्ट लक्षात ठेवता येते: फरशीपासून टेबल जितके उंच दिसते, साधारण तितकाच किंवा किंचित जास्त दिवा टेबलाच्या वर दिसायला हवा. खुर्च्यांआड पाय लपले असतील तर रेंडर करणाऱ्याने त्या क्षणभर लपवून हे तपासावे.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणखी एक अडचण असते. पंख्याचा हूक खोलीच्या मधोमध असतो आणि टेबल भिंतीकडे सरकवलेले असते. चित्र देखणे दिसावे म्हणून पंखा काढून टाकतात आणि त्याच जागी दिवा टांगतात. घरात मात्र पंखा राहतो आणि त्याच्या वाऱ्याने शेजारचा हलका दिवा डोलू लागतो, त्याबरोबर ताटावरची सावलीही. दिव्याची जागा टेबलाच्या मध्यावरून ठरवावी आणि पंखा चित्रातही खऱ्या जागी दाखवावा. मग दोघांत पुरेसे अंतर राहते की नाही, हे छत फोडण्याआधीच दिसेल.

इलेक्ट्रिशियनला चित्र देताना दिव्याचे माप छतापासून सांगू नये. फॉल्स सीलिंग झाले की छत खाली येते आणि ते माप बिघडते. चित्रावर स्पष्ट लिहावे: ‘टेबलाच्या पृष्ठभागापासून दिव्याच्या खालच्या कडेपर्यंत 800 मि.मी.’ वायर थोडी जास्त मागवावी आणि टेबल जागेवर आल्यानंतरच ती कापून घ्यावी.