लाल-हिरव्या डॅशबोर्डची दुरुस्ती

चांगल्यासाठी हिरवा आणि वाइटासाठी लाल, हा डॅशबोर्डवरचा जुना प्रघात. रंगांधळेपणाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारांत नेमके हेच दोन रंग वेगळे ओळखू येत नाहीत. लाल आणि हिरवा ओळखणाऱ्या शंकूपेशींची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषांकडे हे गुणसूत्र एकच असल्याने दोष त्यांच्यात अधिक दिसतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, स्त्रियांत अर्धा टक्का.

समजा, कारखान्यातल्या पडद्यावर चालू यंत्र हिरव्या (#008000) आणि बंद यंत्र लाल (#FF0000) चौकोनात दिसते. या दोन रंगांचा उजळपणाही जवळपास सारखाच असल्याने रंगछटा ओळखू आली नाही, तर दुसरा आधार उरत नाही. काहींना लाल रंग मुळातच काळपट दिसतो. काळ्या पडद्यावरचा लाल इशारा त्यांच्या नजरेतून सहज निसटतो.

यावर मासाताका ओकाबे आणि केइ इतो या जपानी संशोधकांनी सुचवलेला आठ रंगांचा संच उपयोगी पडतो. त्यातला निळा (#0072B2) चालू यंत्रासाठी, नारिंगी (#E69F00) मंदावलेल्यासाठी आणि शेंदरी (#D55E00) बंद पडलेल्यासाठी घ्यावा. निळा आणि पिवळसर यांतला फरक लाल-हिरवा दोष असलेल्यांनाही दिसतो, आणि नारिंगी व शेंदरी उजळपणाने वेगळे राहतात. सगळे आठ रंग वापरण्याचा मोह मात्र टाळलेला बरा.

पण या संचालाही मर्यादा आहेत. वेबसाठीच्या सुगम्यता निकषांनुसार अर्थ सांगणारी खूण आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ३:१ कॉन्ट्रास्ट लागतो. पांढऱ्यावर हा नारिंगी सुमारे २.२ पर्यंतच पोचतो, म्हणून त्याच्या चौकोनाला गडद कडा द्यावी लागते. संचातला पिवळा (#F0E442) तर १.३ वरच अडकतो. दुसरी अडचण छपाईची. साहेबांच्या टेबलावर डॅशबोर्ड बहुधा कृष्णधवल कागदावर पोचतो, आणि तिथे निळा व शेंदरी जवळपास एकाच करड्या छटेत उतरतात. त्यामुळे चौकोनात ‘चालू’, ‘मंद’, ‘बंद’ हे शब्द लिहावेत आणि बंद यंत्राला चौकोनाऐवजी त्रिकोण द्यावा. लेख वाचून एकच बदल करायचा असेल, तर तो हा करावा.

तपासणी क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये होते. तिथल्या Rendering टॅबमधल्या Emulate vision deficiencies या यादीतून एकेक दोष निवडून पडदा पाहता येतो. प्रत्येक वेळी बंद यंत्र पटकन सापडते का, एवढेच पाहायचे. मग एक प्रत कृष्णधवल छापून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. हे अनुकरण अंदाजाचे असते. त्यामुळे रंगांधळेपण असलेला सहकारी तयार असेल, तर अंतिम निवाडा त्याच्या डोळ्यांचाच मानावा.