निरोपातील भावचिन्हे व फसवणूक

घनसावंगीसारख्या तालुक्यातही लग्नपत्रिका आता पुष्कळदा व्हॉट्सॲपवर येते. तीत वधूवरांची व वडीलधाऱ्यांची नावे, गाव, मुहूर्त हे सारे असते. ऑगस्ट 2025 मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्यास आलेल्या निमंत्रणात मात्र येण्याचा आग्रह, तारीख आणि प्रेमाविषयीचे एक वाक्य एवढेच होते. जोडलेली 'पत्रिका' उघडल्यावर त्याच्या खात्यातून सुमारे 1 लाख 90 हजार रुपये गेले.

बोलताना आवाजातून कळणारा भाव लिखाणात हरवतो; ती उणीव भावचिन्ह भरून काढते. फसव्या निरोपात हेच चिन्ह नात्याची जागा घेते. 🙏 आणि 🌹 दिसले की निरोप आपल्या माणसाचा वाटतो. वीज तोडण्याच्या धमकीतील 🚨 विचारास उसंतच देत नाही. म्हणून चिन्हे वगळून मजकूर वाचावा. लग्न कोणाचे व कोठे, हे त्यात नसेल तर संशय घ्यावा.

ही कसोटी अपुरी आहे, कारण ताब्यात गेलेल्या फोनवरून ओळखीच्याच नावाने निरोप येतात. तेव्हा फाइलच्या नावाची अखेर पाहावी. पत्रिका .jpg किंवा .pdf असते; .apk म्हणजे ॲप. ते फोनमध्ये बसले व त्यास संदेश वाचण्याची परवानगी मिळाली, की बँकेचा ओटीपी भामट्याच्या हाती जातो. पैसे गेल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे.